हात पिठात, ओवी विठूची: जात्याच्या चालीवर ओवी कशी रचावी

जात्यावरची ओवी दोन ओळींची असते. लिहायला बसलं की ती सोपी वाटते आणि म्हणायला गेलं की अडते. कारण साधं आहे. ही ओवी कागदासाठी झालेली नाही. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे सोडायचे आणि तोंडाने गायचं, अशा तिहेरी कामातून तिचा आकार घडला. म्हणून ती रचायला शिकताना आधी हात कामात असू द्यावेत आणि वही नंतर उघडावी.

इथे आपण एकच प्रकार पाहणार आहोत: दोन ओळी, दोन्हींच्या शेवटी यमक, पहिल्या ओळीत घरातलं काम आणि दुसरीत देव. उदाहरणाला भाकरी घेतली आहे आणि देव विठ्ठल. तुमच्या घरात खंडोबा असेल, अंबाबाई असेल, कोकणातली एखादी ग्रामदेवता असेल, तर रीत हीच.

आधी ओळीची लांबी

ओवीत अक्षरं मोजायची म्हणजे बोलण्यातला उच्चार नव्हे, लिहिलेलं प्रत्येक अक्षर मोजायचं. ‘हात’ आपण बोलताना एका झटक्यात ‘हात्’ म्हणतो, पण ओवीत ती दोन अक्षरं, कारण गाताना ‘त’ सुटा ऐकू येतो. जोडाक्षर एकच धरायचं: ‘लक्ष्मी’ म्हणजे ल आणि क्ष्मी, दोन.

एक ओळ दोन अर्ध्यांची असते आणि मधे किंचित थांबा असतो. नवख्याने पहिला अर्धा आठ अक्षरांचा आणि दुसरा सात किंवा आठचा धरावा. एका अर्ध्याला जात्याचा एक फेरा, असा हिशेब मनाशी ठेवला की ओळ आपोआप आवाक्यात राहते. बायकांच्या तोंडच्या ओव्यांत हा आकडा बराच हलतो. कुठे बारा अक्षरांची ओळ येते, कुठे अठराची, आणि गळा ती सांभाळून घेतो. (गळा म्हणजे चाल; गाणाऱ्या बायका हाच शब्द वापरतात.) पण गळा बसायच्या आधीच सूट घेतली तर ओळ कुठे तुटते हे कळत नाही. पहिल्या वीस-पंचवीस ओव्या मोजूनच करा.

ही ओळ पाहा:

पहिली माझी ओवी गं, केरसुणी धरली
लक्ष्मी माझ्या हातानं गं, घरभर फिरली

प-हि-ली-मा-झी-ओ-वी-गं, आठ. के-र-सु-णी-ध-र-ली, सात. दुसरी ओळही तशीच. ‘पहिली माझी ओवी’ ही सुरुवात कुणा एकीची नाही. दळणाला बसल्यावर पहिली, दुसरी, तिसरी असं मोजत प्रत्येक ओवी एकेका देवाला किंवा माणसाला वाहायची ही जुनी पद्धत आहे, आणि नवख्याला ती फार उपयोगी पडते, कारण पहिला अर्धा आयता मिळतो. केरसुणीला लक्ष्मी मानतात, लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागू देत नाहीत. एवढं घरात सगळ्यांना माहीत असल्यामुळे दुसऱ्या ओळीत काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

एक गोंधळ इथेच मिटवू. ओव्यांच्या संग्रहांत तुम्हाला दुसरी एक जातही भेटेल, चार तुकड्यांची, जिच्यात शेवटचा तुकडा तोकडा असतो:

सांजच्या पारी गं, लावली मी वात
देव उजेडात, हसे थोडा

हिचं माप सहा, सहा, सहा, चार. यमक ओळींच्या शेवटी नाही, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी आहे: वात, उजेडात. मोठ्या अभंगाचं माप हेच. दोन्ही जाती चांगल्या, पण एका ओवीत दोन्ही मिसळू नका. मिसळलं की ऐकणारी शेवटच्या यमकाची वाट पाहत राहते आणि ते येतच नाही.

काम निवडणं

प्रत्येक काम ओवीला चालत नाही. हात ठरावीक तालात पुन्हा पुन्हा तेच करतात आणि डोकं मोकळं राहतं, अशी कामं निवडा: भाकरी थापणं, केर काढणं, ताक घुसळणं, सारवणं, धुणं आपटणं, जात्यावर किंवा पाट्यावर काहीही. तांदूळ निवडताना नजर अडकते, तरी हळू गळ्यावर जमतं. फोडणी देताना जमत नाही, लक्ष मोहरीकडे असतं. मिक्सर तर मिनिटभरात थांबतो आणि तेवढ्यातही तुमचा आवाज झाकतो. मिक्सरवर ओवी लिहिता येईल, पण मिक्सरसोबत गाता येणार नाही, आणि गाऊन न पाहिलेली ओवी कच्ची राहते.

काम ठरलं की लगेच देवाकडे धावू नका. आधी त्या कामातल्या वस्तू आणि हालचाली क्रमाने मांडा. भाकरीचं पाहा: काठवटीत पीठ घ्यायचं, कोमट पाण्यानं मळायचं, गोळा करून थापायचा, तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलथण्याने उलटायची, मग आराला लावायची, टम्म फुगली की पापुद्रा सुटतो. काठवट, उलथणं, आर, पापुद्रा. ओवीचा माल हा आहे. तुमच्याकडे गॅस आणि स्टीलची परात असेल तर ‘परात’च लिहा. घरात नसलेली काठवट केवळ जुनी वाटते म्हणून आणली की पुढची ओळ खोटी पडते, आणि ऐकणाऱ्या बाईला ते लगेच कळतं.

आता या यादीतल्या एकाच ठिकाणी थांबा. संपूर्ण भाकरी एका ओवीत मावत नाही. जात्यात मोठा घास घातला की पीठ भरडं पडतं. ओळीत तीन-चार वस्तू कोंबल्या की तेच होतं. एक वस्तू, एक हालचाल.

एक ओवी, पहिल्या खर्ड्यापासून

बहुतेकांचा पहिला खर्डा असा असतो:

रोज मी भाकरी करते प्रेमाने
विठ्ठला तुझे नाव घेते भक्तीने

यात तीन दोष आहेत. पहिला, यमक फक्त ‘ने’ या प्रत्ययाचं आहे. प्रेमाने, भक्तीने, मनाने, हाताने: असं यमक कुठेही लागतं, म्हणून कानाला ते लागलंच नाही असं वाटतं. यमकात प्रत्ययाच्या आधीचं निदान एक अक्षर जुळायला हवं. दुसरा दोष, दिसत काहीच नाही. ‘भाकरी’च्या जागी ‘पोळी’ किंवा ‘साफसफाई’ घातली तरी ओवीला फरक पडत नाही. म्हणजे भाकरी तिच्यात नव्हतीच. तिसरा, प्रेम आणि भक्ती ही नावंच सांगून टाकली. जात्यावरची बाई ‘माझी भक्ती’ असं क्वचितच म्हणते. ती विठूशी भांडते, त्याला जेवायला बोलावते, त्याच्या अंगावरचा शेला कसा दिसतो ते सांगते. भक्ती आहे हे ऐकणारीला त्यावरून कळतं.

मग पुन्हा काठवटीपाशी या. मळताना काय दिसतं? दोन्ही हात पिठानं माखलेले. नाकावर केस आला तरी तो मागे सारता येत नाही. आता विठ्ठलाकडे पाहा. त्याचे हात कुठे आहेत? कमरेवर. विटेवर उभा, कर कटेवर. पंढरीला न गेलेल्या मुलालाही हे रूप ठाऊक असतं. माझे हात असे आणि त्याचे तसे, हे आपसूक समोरासमोर आलं. ओवीतला सांधा म्हणतात तो हा: घरातली वस्तू आणि देवाच्या रूपातली वस्तू एकाच शब्दाने बांधली जाणं. इथे तो शब्द ‘हात’. सांधा सापडेपर्यंत ओळ लिहायला घेऊ नये. वेळ खरा इथेच जातो आणि जाऊ द्यावा.

सांधा सापडला की शेवटचे शब्द आधी ठरवा, पहिले नव्हे. ‘हात भरले’ घेतलं तर दुसऱ्या ओळीला धरले, सरले, उरले मिळतात, पण ‘कमरेवर धरले’ कुणी म्हणत नाही. ‘ठेवले’ म्हणतात, आणि त्याला पिठाकडून जोड मिळत नाही. पिठाला मराठीत नेमकं क्रियापद आहे: हात माखतात. माखलेला जोड चाखले, झाकले, राखले. त्यातलं ‘राखले’ आलं आणि ओवीच बदलली. ठेवले म्हणजे नुसते ठेवले. राखले म्हणजे कामाला न लावता जपून ठेवले. तक्रार एका शब्दात आली.

काठवटीत माझे गं, हात पिठानं माखले
विठूनं कमरेवर, कशापायी गं राखले

मोजून पाहा: चारही अर्धे आठ-आठ अक्षरांचे आहेत. दुसऱ्या ओळीत ‘हात’ हा शब्द पुन्हा आला नाही. पहिल्या ओळीतला हात दुसरीला पुरतो, आणि ऐकणारी तो स्वतः भरून घेते. नवखे लेखक इथे ‘त्याचे हात’ घालतात आणि ओळ जड करतात.

‘कशापायी’ तुमच्या तोंडात नसेल तर ‘कशासाठी’ घाला, अक्षरं तेवढीच आहेत. बोलीच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे: जी तुमच्या घरात बोलली जाते तीच लिहा. पुण्यात वाढलेल्या बाईनं ‘म्या’ आणि ‘व्हतं’ आणून ओवी गावरान करायचा प्रयत्न केला की ती नाटकातली वाटते. उलट बाजूने, ‘पिठाने माझे हस्त’ अशी पुस्तकी ओळही बसत नाही. ‘माझं’, ‘पिठानं’, ‘हातानं’ हे अनुस्वार राहू द्या. गाताना तिथेच आवाज टिकतो. कृपासिंधू, करुणाकर असले शब्द आरतीत शोभतात, काठवटीशेजारी नाही.

गं, रे, बाई

‘गं’, ‘बाई’, ‘सये’ हे भरतीचे शब्द आहेत, पण निव्वळ भरती नाहीत. समोर कुणीतरी बसली आहे हे त्यांतून कळतं. जात्याला दोघी समोरासमोर बसत, एकच खुंटा दोघींच्या हातात. म्हणून ओवी मुळातच कुणाला तरी सांगितलेली असते. एका ओळीत असा एकच शब्द ठेवा, आणि शक्यतो पहिल्या अर्ध्याच्या शेवटी, जिथे श्वास घ्यायचा असतो. दोन घातले की ओळ पोकळ वाजते.

कुणाशी बोलताय हे मात्र आधी ठरवा. शेजारणीला सांगत असाल तर ‘गं’, आणि विठूचा उल्लेख ‘तो’ असा. थेट विठूशीच बोलत असाल तर ‘रे’ आणि ‘तू’. विठ्ठलाला ‘तुम्ही’ कुणी म्हणत नाही. पहिल्या ओळीत ‘सये गं’ आणि दुसरीत ‘ये रे विठ्ठला’ असं झालं तर दोन ओळींत तोंड दोन दिशांना फिरतं. मुरलेल्या गाणारणी तेही खपवतात. तुम्ही सध्या टाळा.

एकीला दुसरी जोडणं

ओवी एकटी राहत नाही. दळण पायलीचं असेल तर एका ओवीनं ते सरणार कसं? पहिलीने प्रश्न केला असेल तर दुसरीने त्याचं उत्तर द्यावं किंवा त्याला वळसा घालावा. वर विठूला हात राखल्याचा टोमणा मारला आहे. मग तो उठून येणारच. जनाबाईंच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो, म्हणजे ही वाट आधीच मळलेली आहे. पण त्याला पुन्हा जात्याशी बसवलं तर ते जनाबाईंचं होईल. आपलं काम भाकरीचं आहे, तेव्हा चुलीला काय लागतं ते पाहा. सरपण लागतं. ‘सरपण’ला जोड काय? देवपण.

विठू आला चुलीपाशी, डोईवर सरपण
राऊळी ठेवून आला, सारं त्याचं देवपण

इथे एक सावधगिरी. ‘पण’ हा पुन्हा सगळ्यांना लागणारा शेवट आहे: मोठेपण, साधेपण, भलेपण. म्हणजे ‘ने’चाच दोष परत येऊ शकतो. इथे तो खटकत नाही, कारण सरपण ही मोळी आहे, हातात धरता येणारी वस्तू, आणि तिच्यातला ‘पण’ प्रत्यय नाही. दोन्ही शब्द भाववाचक असते (साधेपण, देवपण) तर ओवी पडली असती.

तिसरी ओवी कामातल्या चुकीवर करून पाहा. बिनचूक भाकरीपेक्षा चुकलेल्या भाकरीत ओवी लवकर सापडते, कारण तिथे काहीतरी घडलेलं असतं. तवा जास्त तापला किंवा उलटायला उशीर झाला की भाकरीला काळा डाग पडतो. आणि काळा आणखी कोण आहे?

भाकरीच्या पाठीला गं, काळा डाग बसला
ताटामंदी बघून गं, काळा विठू हसला

सांध्याचा शब्द ‘काळा’, आणि तो दोन्ही ओळींत मुद्दाम परत आणला आहे. पहिल्या ओवीत सांध्याचा शब्द एकदाच ठेवला, इथे दोनदा. फरक का? तिथे ‘हात’ दुसऱ्यांदा म्हटल्याने नवं काही मिळत नव्हतं. इथे ‘काळा’ दुसऱ्यांदा आला की डागाचा दोष जातो आणि तो रंग होतो. ‘ताटामंदी’ ऐवजी ‘ताटामध्ये’ही चालेल. ‘गं’ मात्र दोन्ही ओळींत त्याच जागी आला आहे, आणि थोडा जास्तच ऐकू येतो. दुसऱ्या ओळीत ‘बघूनशान’ म्हटलं तर तो जातो आणि अक्षरं नऊ होतात. गळ्यावर दोन्ही म्हणून बघा.

गाऊन तपासणं

लिहिलेली ओवी काम करताना म्हटल्याशिवाय पक्की धरू नका. म्हणायची रीत अशी: पहिली ओळ दोनदा म्हणायची, मग दुसरी. पहिली दुसऱ्यांदा म्हणताना दुसरीची जुळवाजुळव करायला सवड मिळते. दोघी असतील तर एक उचलते आणि दुसरी मागून धरते. चाल माहीत नसेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या ऐका. त्या एक लाखाहून अधिक आहेत, आणि पारी या संकेतस्थळावर त्यांतल्या बऱ्याच गायलेल्या आवाजात मिळतात. वाचण्याआधी ऐका. छापलेल्या दोन ओळी गाताना कुठे तुटतात, कुठला शब्द ओढला जातो, हे छापील पानावर दिसत नाही.

म्हणताना तीन खुणांकडे लक्ष द्या. पहिल्या अर्ध्याच्या मधेच श्वास संपला तर अक्षरं जास्त आहेत किंवा जोडाक्षरं एकापाठोपाठ आली आहेत. ‘प्रत्यक्ष श्रीविठ्ठल’ म्हणून बघा, म्हणजे लक्षात येईल. हात थांबला तर ओळीतला शब्द आठवावा लागतो आहे, म्हणजे तो तुमच्या रोजच्या बोलण्यातला नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहिली ओळ आठवली पण दुसरी आठवत नसेल, तर सांधा कच्चा आहे. पहिलीतल्या कुठल्याच शब्दाने दुसरीला बोलावलं नाही. ती ओवी दुरुस्त करत बसू नये. पहिली ओळ ठेवावी आणि दुसरी नव्याने शोधावी.

शेवटी आपलं नाव घालायचा मोह होतो. अभंगात ‘तुका म्हणे’ असतं, ओवीत तशी नाममुद्रा नसते. भावाचं, लेकाचं, गावाचं नाव येतं, रचणारीचं नाही, कारण ओवी दुसरीच्या तोंडी गेली की तिची होते. तुमची ओवी शेजारणीने ‘कशापायी गं’च्या जागी ‘कशाला गं बाई’ म्हणून गायली आणि अक्षर वाढलं, तर टोकू नका. वहीत दोन्ही लिहून ठेवा, वरती कामाचं नाव आणि गळ्याची खूण म्हणून त्याच चालीवर येणाऱ्या एका माहितीतल्या ओवीचे पहिले तीन शब्द.